लेग डेनंतरच्या दुखण्यावर क्रिएटिनचा उपयोग किती?

प्रश्न: परवा लेग डे जरा अतीच झाला, अजून जिना उतरताना मांड्या धरतात. आजपासून क्रिएटिन सुरू केलं तर दुखणं कमी होऊन रिकव्हरी लवकर होईल का?

या वेळचं दुखणं त्याने कमी होणार नाही. क्रिएटिन वेदनाशामक नाही, ते स्नायूंमध्ये हळूहळू साठतं. रोज ३ ते ५ ग्रॅम घेतलं तर साठा पूर्ण भरायला तीन-चार आठवडे जातात. लोडिंग केलं, म्हणजे दिवसाला २० ग्रॅम चार वेळा विभागून घेतलं, तरी पाच ते सात दिवस लागतात. तोवर तुमच्या मांड्या आपोआप मोकळ्या झालेल्या असतील.

आधीपासून घेत असता तर? इथे थोडी आशा आहे, पण थोडीच. २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. व्यायामाची सवय नसलेले १४ पुरुष, निम्म्यांना पाच दिवस आधीपासून कार्बोहायड्रेटबरोबर क्रिएटिन, बाकीच्यांना नुसतं कार्बोहायड्रेट. मग लेग प्रेस, लेग एक्स्टेन्शन आणि लेग कर्ल, प्रत्येकी दहा रेप्सचे चार सेट, तेही एका रेपला जास्तीत जास्त झेपेल त्याच्या १२० टक्के वजनाने. एवढं वजन उचलता येत नाही, फक्त सावकाश खाली सोडता येतं, आणि पाय आंबतात ते नेमके या सोडण्यानेच. पुढच्या दिवसांत गुडघा सरळ करण्याची ताकद क्रिएटिनवाल्यांमध्ये चाचणीनुसार सुमारे १० ते २१ टक्के जास्त राहिली. गुडघा वाकवण्याच्या ताकदीत मात्र फरक दिसला नाही.

चौदाच माणसं, तीही नवखी, हे लक्षात ठेवा. २०२१ मध्ये अशा १३ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा दुखण्यात फरक निघाला नाही आणि ताकद परत येण्यातही नाही. फक्त ४८ तासांनी रक्तातलं क्रिएटिन कायनेज कमी आढळलं. स्नायूला इजा झाली की हे एन्झाइम रक्तात झिरपतं. पण त्याचा आकडा आणि प्रत्यक्ष दुखणं यांचा मेळ फारसा बसत नाही, त्यामुळे जाहिरातीत ‘स्नायूंची झीज कमी’ असा दावा दिसला तर तो बहुधा या आकड्यावर उभा असतो. पायऱ्या उतरताना तुम्हाला त्याचा काही फायदा जाणवेलच असं नाही.

माझ्या मते क्रिएटिन घ्यायचंच तर ताकद आणि रेप्स वाढवण्यासाठी घ्या, त्यासाठी पुरावा भक्कम आहे. दुखण्यावर खरा उतारा म्हणजे तोच व्यायाम पुन्हा करणं. आठवडा-दोन आठवड्यांनी हेच सेट केलेत तर पाय स्पष्टपणे कमी दुखतील, कारण स्नायू त्या ताणाला सरावतात. पुढच्या वेळी सेट मात्र निम्म्यावर आणा. आत्ता हलकं चालत राहा.

आणि एक बघा: दुखणं तिसऱ्या दिवसानंतर उतरायला लागायला हवं. ते वाढतच गेलं, मांड्या टणक सुजल्या किंवा लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. स्नायू मोठ्या प्रमाणावर फुटल्याची ती खूण असू शकते आणि त्यात मूत्रपिंडांना धोका असतो.