मुर्सल हदीस, नमाजेतलं हसणं आणि हनफी–शाफई फरक

*"माहेर रत्नागिरीचं, शाफई. सासर सोलापूरचं, हनफी. नमाजेत खदखदून हसू आलं तर वुजूही जातो असं सासरी म्हणतात, माहेरी फक्त नमाज जाते. अ‍ॅपवर शोधलं तर त्या हदीसपुढे 'मुर्सल, जईफ' एवढंच येतं. एम.ए.च्या लघुप्रबंधाला हाच विषय घेतलाय, पण मार्गदर्शक म्हणतात जईफ हदीसवर काय लिहिणार? मुर्सल आणि मुनकते हदीस फकीह लोक पुरावा म्हणून धरायचे की नाही, कुणी नीट सांगेल का?"*

सलाम. तुमच्या मार्गदर्शकांचं वाक्य वाचलं आणि माझी छाननी समिती डोळ्यांपुढे उभी राहिली. आधीच सांगते, मी मुफ्ती नाही. घरात काय पाळायचं ते तुमच्या भरवशाच्या आलिमांना विचारा. मी फक्त अभ्यासाच्या बाजूनं लिहितेय, आणि या विषयावर माझी मतं जरा ठाम आहेत, तेवढं धरून वाचा.

सनद म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी, रावी म्हणजे तिच्यातला सांगणारा, सहाबी म्हणजे पैगंबरांचे सोबती, ताबिई म्हणजे सहाबींच्या पुढची पिढी, जईफ म्हणजे कमकुवत, फकीह म्हणजे धर्मकायद्याचे जाणकार, हे तुम्हाला ठाऊक असणारच, म्हणून थेट मुद्द्यावर येते. हदीसतज्ज्ञांच्या नंतर रुळलेल्या भाषेत ताबिईनं मधल्या माणसाचं नाव न घेता "पैगंबर म्हणाले" असं सांगितलं की ती मुर्सल, आणि साखळी इतर कुठे तुटली की मुनकते. पण हनफी उसूलच्या, म्हणजे धर्मकायद्याच्या मूलतत्त्वांच्या, ग्रंथांत कुठेही कडी गळाली तरी मुर्सलच म्हणतात. हे ध्यानात ठेवलं नाही तर हनफी फकीह सरख्सी वाचताना वाटतं ते एक बोलतायत, आणि असतं दुसरंच.

आता तुमचीच हदीस घेऊ, कारण या वादाला याहून चांगलं उदाहरण नाही. पैगंबर नमाज पढवत असताना एक अंध माणूस आला आणि खड्ड्यात पडला. मागचे काही जण हसले. जे हसले त्यांनी वुजू आणि नमाज दोन्ही पुन्हा करावं, असं पैगंबरांनी सांगितलं. हे सांगणारे बसऱ्याचे अबुल आलिया, म्हणजे ताबिई. त्यांनी कुणाकडून ऐकलं ते सांगितलं नाही.

हनफींनी ही हदीस घेतली आणि तिच्यासाठी कयास, म्हणजे सारख्या गोष्टींशी ताडून काढलेला निष्कर्ष, बाजूला ठेवला. 'हिदाया' या हनफी ग्रंथात हे अगदी उघड लिहिलंय: कयासानं पाहिलं तर हसण्यानं वुजू तुटायला नको, कारण शरीरातून काही नापाक बाहेर पडत नाही. पण रिवायत, म्हणजे सनदीनं आलेलं कथन, आहे, म्हणून कयास सोडला. आणि रिवायत रुकू-सजद्याच्या पूर्ण नमाजेबद्दल आलीय म्हणून हुकूम तेवढ्यापुरताच. जनाजाच्या नमाजेत किंवा तिलावतीच्या सजद्यात हसलं तर वुजू शाबूत राहतो. या मर्यादेकडे नीट बघा. मुर्सल स्वीकारली म्हणून ती ताणून सगळीकडे लावली, असं झालेलं नाही.

त्यांच्यामागे विचार काय होता? कूफ्याचे ताबिई इब्राहीम नखई सहाबी अब्दुल्लाह बिन मसऊद यांच्या गोष्टी सांगायचे, तेव्हा त्यांचा शागिर्द आमशनं सनद विचारली होती. त्यांचं उत्तर असं, की मी "अमक्याकडून, अब्दुल्लाहकडून" असं म्हटलं तर तेवढ्या एकाकडूनच ऐकलेलं असतं, आणि नुसतं "अब्दुल्लाह म्हणाले" असं म्हटलं तर अनेकांकडून ऐकलेलं असतं. म्हणजे जाणत्या माणसानं नाव गाळलं तर तो स्वतः जामीन राहतोय. याच धाग्यावर हनफींनी पहिल्या तीन पिढ्यांतल्या विश्वासू माणसाची मुर्सल ग्राह्य धरली. इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'त अशा रिवायती भरपूर आहेत. हदीससंग्राहक अबू दाऊद यांनी मक्कावासीयांना लिहिलेल्या पत्रात तर म्हटलंय की सुफ्यान सौरी, मालिक, औजाई हे आधीचे लोक मुर्सल पुरावा म्हणून वापरायचे, पुढे इमाम शाफई आले आणि त्यांनी त्यावर बोट ठेवलं, मग अहमद बिन हंबल त्यांच्या मागे गेले.

पण शाफईंनी मुर्सल सरसकट फेकून दिली हेही खरं नाही, आणि इथेच बहुतेक लोक घसरतात. त्यांच्या 'रिसाला' या ग्रंथात अटी आहेत. सांगणारा थोरल्या ताबिईंपैकी हवा. मग तीच गोष्ट दुसऱ्या विश्वासू रावीनं पूर्ण सनदीनं सांगितलेली असावी, किंवा जिचे उस्ताद वेगळे आहेत अशी दुसरी मुर्सल असावी, किंवा एखाद्या सहाबींचं मत अथवा बहुसंख्य आलिमांचा फतवा तिच्याशी जुळावा. शिवाय तो माणूस जेव्हा नाव घेतो तेव्हा अनोळखी किंवा बदनाम माणसाचं घेत नाही, हे माहीत असावं. एवढं जमलं तरी ती पूर्ण सनदीच्या हदीसच्या बरोबरीची नाही, असं ते म्हणतातच. सईद बिन मुसय्यब यांच्या मुर्सल त्यांना चालायच्या, त्या या चाचणीमुळेच.

आता ही चाचणी तुमच्या हदीसला लावा. वरवर पाहिलं तर ती मजबूत दिसते. अबुल आलिया सांगतात, हसन बसरी सांगतात, इब्राहीम नखई सांगतात, इब्न शिहाब जुहरी सांगतात. बसरा, कूफा, मदिना अशा तीन ठिकाणचे चार मोठे लोक. एवढ्यांनी वेगवेगळं सांगितलं म्हणजे काहीतरी असणारच, असं कुणालाही वाटेल.

पण हदीसतज्ज्ञ अब्दुर्रहमान बिन महदी यांनी एकेक धागा मागे ओढत नेला. हसन यांना ही गोष्ट हफ्स बिन सुलेमान यांनी सांगितली होती, त्यांना हफ्सा बिंत सीरीन यांनी, आणि हफ्सांना अबुल आलियांनी. इब्राहीम यांना अबू हाशिम यांनी अबुल आलियांच्याच हवाल्यानं सांगितली होती. जुहरींनी सुलेमान बिन अर्कमकडून घेतली आणि सुलेमाननं हसन यांच्याकडून. म्हणजे चारही वाटा एकाच दारात पोचल्या. पुढे हदीसतज्ज्ञ दारकुत्नी यांनी आपल्या 'सुनन'मध्ये हे सगळे धागे पसरून ठेवलेत. पूर्ण सनदीच्या काही रिवायतीही आहेत, हनफी त्या मांडतात, पण दारकुत्नींनी त्यातही खोट दाखवलीय.

शाफईंनी स्वतः 'रिसाला'त जुहरींचा धागा उलगडलाय. आधी त्यांच्याकडे ही जुहरींची मुर्सल म्हणून आली. त्यांनी ती घेतली नाही. मग जुहरींचे शागिर्द मअमर यांच्या वाटेनं तीच आली आणि मधला सुलेमान बिन अर्कम उघडा पडला, जो हदीसच्या बाबतीत अगदीच कमकुवत मानला जातो. शाफई जुहरींचा अपमान करत नाहीत. जुहरी हदीसमध्ये आणि माणसं पारखण्यात इमाम आहेत, असंच म्हणतात. त्यांना सुलेमान भला आणि शहाणा वाटला, म्हणून त्यांनी त्याच्याकडून घेतलं. पण जुहरींसारख्या माणसाच्या गाळलेल्या जागी असं कुणी निघू शकतं, तर इतरांचं काय? माझ्या मते मुर्सलच्या विरोधातला सगळ्यात जड पुरावा हा आहे, आणि तो तुमच्याच हदीसमध्ये बसलाय. इब्न सीरीन यांच्या नावावर तर थेट नोंद आहे की हसन आणि अबुल आलिया यांच्या मुर्सल घेऊ नका, कुणाकडून घेतो याची ते फिकीर करत नाहीत.

आणखी एक बघा. मालिक मुर्सल मानतात, तरीही हसण्यानं वुजू जातो असं ते म्हणत नाहीत. म्हणजे "मुर्सल मान्य" याचा अर्थ "प्रत्येक मुर्सलवर अमल" असा होत नाही. तुमच्या लघुप्रबंधात हे एक वाक्य तरी असू द्या.

मुनकतेचं एकच सांगते. अबू उबैदा हे अब्दुल्लाह बिन मसऊद यांचे चिरंजीव, पण वडील गेले तेव्हा ते लहान होते. त्यांनी वडिलांकडून ऐकलं नाही, असं बहुतेक तज्ज्ञ म्हणतात. खंदकच्या दिवशी चार नमाजा हुकल्या आणि पैगंबरांनी त्या जुहरपासून इशापर्यंत क्रमानं पढवल्या, ही रिवायत त्यांच्याकडून वडिलांच्या नावानं येते. हदीससंग्राहक तिर्मिजी म्हणतात, सनदीत दोष नाही, फक्त अबू उबैदांनी अब्दुल्लाह यांच्याकडून ऐकलेलं नाही. तरी हनफी कजा नमाजा क्रमानं पढण्यासाठी ती वापरतात, आणि अली बिन मदीनींसारख्या हदीसतज्ज्ञांनीही ही वाट जवळपास जोडलेली मानली. कारण गाळलेला माणूस घरातला किंवा वडिलांच्या खास शागिर्दांपैकी असणार, हे त्यांना माहीत होतं. कडी तुटलीय, पण तुटलेल्या जागी कोण असेल याचा अंदाज पक्का आहे. अबुल आलियांच्या बाबतीत तोच नाही.

आता माझ्या समितीचं, कारण तुम्ही तिकडेच निघाला आहात. ज्या विभागात मी होते तिथं नियम असा, की परिशिष्टातल्या प्रत्येक हदीसपुढे 'दर्जा' नावाचा रकाना आणि त्यात एकच शब्द. मुर्सल आली की 'जईफ' लिहा, आणि जईफ आली की ती 'पुरावा' प्रकरणातून काढा. मी म्हणत होते की माझा विषयच हा आहे की फकीहांनी ती का घेतली. उत्तर ठरलेलं: नमुना वरून आलाय. जुहरी–सुलेमानचं अख्खं प्रकरण मला कापावं लागलं, पुन्हा लिहीपर्यंत शिष्यवृत्तीची मुदत संपली, आणि जो शेरा आला त्यात विषयाची खोली कमी पडल्याचं लिहिलं होतं. आजही ते आठवलं की राग येतो. एका शब्दाच्या रकान्यात तेराशे वर्षांचा वाद मावत नाही, आणि तो मावत नाही हे सांगणाऱ्याला तिथं कुणी ऐकून घेत नाही. अ‍ॅपनं दाखवलेला शब्द चुकीचा नसतो. तो हदीसतज्ज्ञांच्या बाजूचा निकाल असतो, फकीहांनी काय केलं ते तो सांगत नाही.

म्हणून मार्गदर्शकांशी वाद घालत बसू नका. 'दर्जा'च्या जागी दोन रकाने मागा: 'कुठली कडी गळाली' आणि 'कुणी कोणत्या मसल्यासाठी वापरली'. रूपरेषेतच लिहून द्या, नंतर कुणी ऐकत नाही. 'रिसाला' वाचायचा तर अहमद शाकिर यांनी संपादित केलेली 1940 ची कैरोची आवृत्ती शोधा, परिच्छेदांना आकडे आहेत, हवाला देणं सोपं जातं. 'हिदाया'च्या जोडीला जैलई यांचा 'नस्बुर राया' ठेवा. ते स्वतः हनफी, तरी आपल्याच मजहबच्या हदीसवरचे आक्षेप त्यांनी लपवलेले नाहीत, आणि हसण्याच्या हदीसवर त्यांनी भरपूर लिहिलंय. ग्रंथालयात नुसती उर्दू 'हिदाया' हातात ठेवली तर ती तळटीपांची आहे का ते आधी उघडून बघा.

आणि समितीनं काही काढायला सांगितलं तर सहीचा लेखी शेरा घ्या. मला सगळं तोंडी सांगितलं होतं, त्यामुळे पुढे दाद मागायला गेले तेव्हा दाखवायला हातात एक कागद नव्हता.