कोरियनमधला 'यो' म्हणजे आपलं 'तुम्ही' का?

प्रश्न: "के-ड्रामात एकच माणूस कधी शेवटी 'यो' लावतो, कधी 'निदा', कधी काहीच नाही. हे आपल्या तू-तुम्ही-आपण सारखंच आहे का? आणि सहा लेव्हल असतात म्हणे, त्या सगळ्या शिकायच्या?"

सारखं वाटतं पण नाही, आणि मराठी माणसाचा गोंधळ नेमका इथेच होतो. आपल्याकडे मान क्रियापदात दिसतो तो ज्याच्याबद्दल बोलतोय त्याचा. 'मित्र आला' पण 'आजोबा आले'. हे वाक्य तुम्ही धाकट्या भावाला सांगा नाहीतर ऑफिसात साहेबांना सांगा, 'आले' ते 'आले'च. कोरियनमध्ये हा मान आहेच, पण शिवाय समोर ऐकणारा कोण आहे त्याचा मान वेगळा मोजतात, आणि 'यो' किंवा 'निदा' हा त्या ऐकणाऱ्यासाठी असतो.

साधं पावसाचं वाक्य घ्या, त्यात माणूसच नाही. मैत्रिणीला 'बी वा', शेजारच्या काकूंना 'बी वायो', बातम्यांत 'बीगा ओम्निदा'. तिन्हीचा अर्थ पाऊस पडतोय एवढाच. मराठीत इथे तू-तुम्हीला जागाच नाही, फार तर आपण पुढे 'अगं' किंवा 'अहो' लावू, 'अगं पाऊस पडतोय', 'अहो पाऊस पडतोय'. तर 'यो'ला 'तुम्ही' न समजता 'अहो' समजा, फक्त तो वाक्याच्या शेपटीला येतो आणि गाळला की लगेच जाणवतो.

आता दोन्ही मान एकत्र बघा. आजोबा आले हे बहिणीला सांगायचं तर 'हाराबोजी ओश्योस्सो', यातला 'श्यो' आजोबांसाठी आहे (मूळ प्रत्यय 'शी', तो पुढच्या स्वरात मिसळतो) आणि शेवटी यो नाही कारण ऐकतेय बहीण. तेच शिक्षकांना सांगताना 'हाराबोजी ओश्योस्सोयो'. मित्र आला असेल तर बहिणीला 'छिंगु वास्सो', शिक्षकांना 'छिंगु वास्सोयो', म्हणजे मित्राला मान नाही पण शिक्षकांना आहे. ही चार वाक्यं मोठ्याने म्हणून बघा, अर्धं व्याकरण इथेच सुटतं.

हे दोन मान वेगळे ठेवले नाहीत की एक ठरलेली चूक होते. ड्रामात 'सेयो' इतक्या वेळा कानावर पडतो की तो म्हणजेच नम्रपणा असं वाटायला लागतं, मग कोणी 'ओदी गासेयो?' (कुठे निघालात?) विचारलं की शिकणारा उत्तर देतो 'जिबे गासेयो', घरी. पण त्या 'से'मध्ये तोच 'शी' लपलाय, म्हणजे त्याने स्वतःलाच मान दिला. बरोबर उत्तर 'जिबे गायो'. स्वतःबद्दल बोलताना 'शी' कधीच नाही, 'यो' मात्र ठेवायचा कारण तो समोरच्याचा आहे.

सहा लेव्हलचं म्हणाल तर त्यांची नावं 'हादा' म्हणजे 'करणे' या क्रियापदाच्या 'कर' अशा आज्ञार्थी रूपांवरून पडलीयेत, हे, हेयो, हापशो, हाओ, हागे, हेरा. पाठ करत बसू नका. बोलायला 'हेयो' पक्की करा. 'हे' म्हणजेच ड्रामात ज्याला बानमाल म्हणतात ते, त्याची रूपं 'यो' काढला की बहुतेक वेळा तयारच मिळतात. 'हापशो' म्हणजे 'निदा'वाली, ती मीटिंग, घोषणा, बातम्या, आणि सैन्यात तर इतकी सक्तीची की वाक्य 'दा' किंवा 'का'नेच संपवायचं असा नियम होता, तो 2016 मध्ये जरा सैल केला. 'हाओ' ऐतिहासिक मालिकांत ऐकाल, 'हागे' सासरा जावयाशी बोलताना, पण आता दोन्ही मागे पडल्यात. 'हेरा' वर्तमानपत्रात आणि पुस्तकात, तिथे तिच्यात उद्धटपणा अजिबात नसतो कारण समोर ठराविक कोणी ऐकणारा नसतोच.

ड्रामा बघताना एक जागा मात्र सोडू नका, सबटायटलमध्ये ती बहुतेक हरवतेच. ओळख वाढली की धाकटा म्हणतो 'मल नोउसेयो', शब्दशः बोलणं खाली ठेवा, म्हणजे माझ्याशी यो न लावता बोला. मोठा लगेच बानमालवर येतो पण धाकटा बऱ्याचदा 'यो'वरच राहतो, तो एकेरीवर कधी येतो ते ऐका. आणि न विचारता कोणी एकेरीवर आलं की समोरचा चिडून म्हणतो 'वे बानमारियेयो?', एकेरीत का बोलताय, आणि एवढ्या रागातही त्याने स्वतःचा 'यो' सोडलेला नसतो.