गहू स्वतः करावा की रान खंडाने द्यावं? एकरी अकरा क्विंटलची रेघ

प्रश्न: "मी पुण्यात नोकरी करतो. नेवासे तालुक्यात आमची चार एकर जमीन आहे. दोन एकरांत सोयाबीन असतं, दोन एकरांत कापूस. मागच्या रब्बीत कापूस निघाल्यावर चारही एकरांत 8 डिसेंबरला एकदमच गहू पेरला. सगळं काम मजूर लावून केलं. विहिरीचं पाणी फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच पुरतं, त्यामुळे तीनच पाणी देता आलं. एकरी 10 क्विंटल झाला, 2,500 रुपयांनी विकला. खर्च जाऊन एकरी साडेसात हजार राहिले. शेजारी आता रब्बीपुरती जमीन एकरी 8,000 रुपये खंडाने मागतो आहे. देऊन टाकू का? हिशेबाचा कागद सोबत जोडला आहे."

उत्तर:

चारही एकर देऊ नका आणि चारही एकर करूही नका. सोयाबीनच्या दोन एकरांत गहू स्वतः करा, कापसाचं रान खंडाने द्या. असं का म्हणतो ते तुमच्याच कागदावरून सांगतो.

तुम्ही खर्च नीट मांडला आहे. मशागत 2,800, पेरणी 1,000, 50 किलो बियाणं 2,400, खतं 2,750, तणनाशक आणि फवारणी 1,000, तीन पाण्यांची मजुरी 2,400, खुरपणी आणि युरिया टाकण्याची मजुरी 1,500, हार्वेस्टर 2,500. हे झाले 16,350. त्यावर पोती, वाहतूक, हमाली, तोलाई क्विंटलमागे 120 रुपये, म्हणजे 1,200. एकूण 17,550 आणि विक्री 25,000. बेरीज बरोबर आहे, फक्त एक ओळ राहून गेली आहे. पेरणीला, पाण्याला, काढणीला तुम्ही पुण्याहून ये-जा केली. पत्रात एकीकडे तुम्हीच लिहिलंय की त्यात सहा हजार गेले. तो गव्हाचाच खर्च आहे, एकरी 1,500 रुपये. म्हणजे हातात साडेसात नाही, सहा हजारांच्या जरा आत राहिले. जमीन नुसती खंडाने दिली असती तर एकरी दोन हजार जास्त मिळाले असते, आणि रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला माणूस शोधत बसावं लागलं नसतं.

आता या खर्चाकडे जरा वेगळ्या नजरेने बघा. पीक 8 क्विंटल आलं काय आणि 15 आलं काय, मशागत तीच, खत तेच, हार्वेस्टरवाला एकराचेच पैसे घेतो. उताऱ्याप्रमाणे वाढते ती फक्त हमाली-वाहतूक. त्यामुळे गव्हात नफा ठरतो तो खर्चातल्या दोन-चारशे रुपयांच्या बचतीवर नाही, क्विंटलच्या आकड्यावर. 2,500 भावात हमाली जाऊन क्विंटलमागे 2,380 हातात येतात. त्या हिशेबाने मागच्या वर्षी साडेसात क्विंटलला तुमचा खर्च निघाला. पण सोडून दिलेले खंडाचे 8,000 भरून निघायला जवळपास 11 क्विंटल हवे होते. तुम्हाला झाले 10. मी तुमच्या जागी असतो तर ही अकराची रेघ कागदावर लाल पेनने ओढली असती, कारण तोटा दिसतो तो साडेसातच्या खाली, पण नुकसान सुरू होतं ते अकराच्या खालीच.

याच ठिकाणी बरेच जण हमीभावाच्या बातमीने चकतात. 2026-27 च्या हंगामासाठी गव्हाचा हमीभाव 2,585 जाहीर झाला, आणि त्यासोबत उत्पादन खर्च क्विंटलला 1,239 धरून दुपटीहून जास्त परतावा दाखवला गेला. तो खर्च देशाची सरासरी आहे, आणि त्या सरासरीत पंजाब-हरियाणाचा एकरी वीस क्विंटलचा गहू मोठ्या वजनाने बसलेला आहे. तिकडची थंडी लांब चालते, दाणा भरायला वेळ मिळतो. तुमचा खर्च मागच्या वर्षी क्विंटलला 1,755 पडला, ये-जा धरली तर 1,900 च्या वर. आणि सरकारी खरेदीही मुख्यतः पंजाब, हरियाणा, मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशातच होते. तुमचा गहू बाजार समितीत लिलावातच जाणार. म्हणून मी भाव 2,500 च्या वर धरलेला नाही. तो 2,300 वर आला तर अकराची रेघ बारावर सरकते, हेही मनात असू द्या.

मग 10 च क्विंटल का झाले? मला तुमच्या कागदावर सगळ्यात बोलकी वाटली ती पेरणीची तारीख. आपल्याकडे बागायती गव्हाची वेळेवरची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातली. त्यानंतर दर पंधरवड्याच्या उशिराला हेक्टरी अडीच क्विंटल, म्हणजे एकरी एक क्विंटल उतारा घटतो, असं कृषी विद्यापीठाच्या शिफारशींत वर्षानुवर्षं सांगितलं जातं. 8 डिसेंबर म्हणजे दीड क्विंटल पेरतानाच गेला होता.

पण उशिराने त्याहून मोठं नुकसान केलं ते पाण्याच्या बाजूने. गव्हाला पाणी लागतं ते ठरावीक दिवसांना: पेरणीनंतर साधारण 20 व्या दिवशी मुकुटमुळं फुटताना, 42 च्या सुमारास कांडी धरताना, 62 च्या सुमारास फुलोऱ्यात, आणि 82 च्या सुमारास दाणे भरताना. कॅलेंडर घेऊन मोजा. 8 डिसेंबरपासून फुलोऱ्याचं पाणी 8 फेब्रुवारीला आलं, ते तुम्ही दिलंत. दाणे भरायचं पाणी हवं होतं 28 फेब्रुवारीच्या आसपास, आणि तोवर विहीर बसली होती. वर मार्चचं ऊन. तुमचा दाणा बारीक आणि चिमटलेला निघाला असणार. मूठभर जपून ठेवला असेल तर हातावर घेऊन बघा, पोटावरची खाच खोल आणि कातडी सुरकुतलेली दिसेल.

आता हाच गहू 12 नोव्हेंबरला पेरला असं धरा. 2 डिसेंबर, 24 डिसेंबर, 13 जानेवारी, 2 फेब्रुवारी. चारही पाण्या त्याच विहिरीत बसतात. नवी बोअर नको, कर्ज नको. सोयाबीनचं रान दसरा-दिवाळीच्या आसपास मोकळं होतं, तेव्हा ही तारीख जमणारी आहे. मागच्या वर्षी ट्रॅक्टरची फेरी वाचवायला तुम्ही ते रान महिनाभर रिकामं ठेवून कापसाच्या रानासोबत पेरलंत. हा माझ्या मते कागदावरचा सगळ्यात महाग निर्णय होता.

दोनच एकर केलं तर एकरी काय होईल? वेळेवर पेरणीला बियाणं 40 किलो पुरतं, 480 रुपये वाचतात. चौथ्या पाण्याची मजुरी 800 वाढते. ये-जा मात्र तेवढीच, आणि ती आता दोन एकरांवरच पडणार, म्हणजे एकरी 3,000. हा मुद्दा लपवण्यात अर्थ नाही, कारण त्यामुळे तुमची रेघ अकरावरून साडेअकराच्या जरा वर जाते. उतारा मी 13 धरतो. तारखेमुळे दीड क्विंटल आणि भरलेल्या दाण्यामुळे दीड, यापेक्षा जास्त धरायचं मला धाडस होत नाही. तेरा क्विंटलला खंडापेक्षा एकरी सव्वातीन हजार जास्त राहतात, दोन एकरांत साडेसहा हजार. चार महिन्यांच्या धावपळीला हा आकडा लहान आहे, मान्य आहे.

तो वाढतो तो तुम्ही पुण्यात राहता म्हणून. एप्रिल-मेमध्ये वर्षाचं धान्य भरणारी घरं तुमच्या ऑफिसात, सोसायटीत आहेतच. लोकवन घेतला, चाळणी मारून 50 किलोच्या पोत्यात भरला, तर 3,200 रुपये क्विंटलने ओळखीतले लोक घेतात, असं तुम्हीच लिहिलं आहे. चाळणी, पोती आणि टेम्पोचे मिळून 300 धरले तरी 2,900 हातात, म्हणजे बाजार समितीपेक्षा 520 जास्त. 26 क्विंटलपैकी 8 क्विंटल असे गेले तरी चार हजार वाढले. दोन क्विंटल घरी ठेवा. तोच गहू दुकानातून 36 रुपये किलोने आणता, तेव्हा घरी खाल्लेल्या क्विंटलमागे बाराशे रुपये वाचतात. हे सगळं धरून खंडाच्या वरची कमाई तेरा हजारांच्या घरात जाते. सगळा माल असा विकायच्या मागे मात्र लागू नका. सोळा पोत्यांच्या पुढे उधारी सुरू होते. आणि लोकवनला चपातीचं गिऱ्हाईक आहे तसा तांबेराही लवकर लागतो. पानांवर नारिंगी-तपकिरी पूड बोटाला लागू लागली की दुसऱ्याच दिवशी फवारणी झाली पाहिजे. तिथे रोज बघणारा माणूस नसेल तर निफाडच्या संशोधन केंद्राचा त्र्यंबक किंवा तपोवन घ्या.

कापसाच्या रानाचं गणित निराळं आहे. तिथे पेरणी डिसेंबरच्या आत होत नाही. ये-जा तर सोयाबीनच्या रानासाठी होणारच आहे, म्हणून ती इथे धरलीच नाही, तरी खंडाची बरोबरी करायला सव्वादहा क्विंटल लागतात. मागच्या वर्षीच्या दहावर ती होत नाही. ते रान द्या.

देताना एका गोष्टीवर अडून बसा. विहीर एकच आहे. शेजाऱ्याने त्या दोन एकरांत उन्हाळी कांदा केला तर जानेवारीत तो पाणी ओढणार आणि तुमचं 2 फेब्रुवारीचं पाणी जाणार. ते एक पाणी गेलं की तुमचा तेरा क्विंटलचा अंदाज साडेअकराच्या रेघेवर येऊन बसतो, आणि शेजाऱ्याकडून खंडाचे सोळा हजार घेऊनही तुमच्या गव्हात खंडापेक्षा जास्त काही उरत नाही. म्हणून हरभऱ्यासाठी द्या, हरभरा एक-दोन पाण्यात निघतो. पाण्याच्या पाळ्या, रान परत देण्याची तारीख आणि पेरणीआधी पूर्ण रक्कम, हे सगळं कागदावर लिहून सह्या घ्या. कांदाच करायचा असेल आणि तो एकरी 10,000 द्यायला तयार असेल, तरीही मी नाही म्हणेन.

1 नोव्हेंबरच्या आसपास गावी जा आणि विहिरीच्या पाण्याला दोर लावून बघा. मागच्या वर्षीच्या त्याच दिवसांपेक्षा पाणी खाली असेल, किंवा परतीच्या पावसाने सोयाबीन अडकून पेरणी 25 नोव्हेंबरच्या पुढे जात असेल, तर यंदा सोयाबीनचं रानही हरभऱ्याला देऊन टाका.