आजीला फारसीत शुभेच्छा: 'तू' की 'शोमा'?

प्रश्न: माझ्या नवऱ्याची आजी इराणमध्ये असते, तिला फारसीच येते. वाढदिवसाला फोनवर हे म्हणायचं आहे: "प्रिय आजी, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. तुझी खूप आठवण येते. तुझ्या मायेची सावली आमच्यावर अशीच राहो. शतायुषी हो." शब्दकोश बघून केलेलं भाषांतर नवऱ्याला सरकारी पत्रासारखं वाटलं. काय बदलू? देवनागरीतच द्या, वाचून दाखवणार आहे.

उत्तर: आधी मजकूर देतो, मग कारणं.

"मामानबोजोर्ग जून, तवल्लोदेतून मोबारक! देलम खेली बरातून तंग शोदे. सायेतून हमीशे बाला-ये सरेमून बाशे. एन्शाल्ला सद-ओ-बीस्त साले बेशीन."

जागोजागी आलेलं ते 'तून' आपल्या पंचमीचं नाही. 'तवल्लोदेतून' म्हणजे जन्मातून नव्हे, 'तुमचा जन्म'. लेखी फारसीत तो प्रत्यय 'तान' असतो. तेहरानच्या बोलीत अशा 'आन'चा 'ऊन' होतो. म्हणून 'जान'चं 'जून' आणि 'बरातान'चं 'बरातून'. तुमचं भाषांतर पत्रासारखं वाटलं ते बहुधा इथेच: शब्दकोश लेखी रूपं देतो, आणि फोनवर आजीशी तसं कुणी बोलत नाही. आपण आजीला 'मी येत आहे' म्हणत नाही, 'येतेय' म्हणतो, तसंच.

आता 'तू'. मराठीत आजीला 'तू' म्हणण्यातच माया आहे. 'तुम्ही' म्हटलं की आजी लांब जाते. फारसीतही 'तो' (तू) आणि 'शोमा' (तुम्ही) असा भेद आहे. काही घरांत नातवंडं आजीला सर्रास 'तो' म्हणतात, पण तुम्ही नातसून, म्हणून मी 'शोमा'ची रूपं घेतली. त्याने परकेपणा येत नाही. 'शोमा' ठेवून बोलीचे प्रत्यय वापरले आणि नावापुढे 'जून' लावलं की आदर आणि लाड एकाच वाक्यात बसतात. मराठीत हे दोन्ही एकत्र आणायला जरा कसरत करावी लागते.

'मादरबोजोर्ग' हा आजीसाठीचा कोशातला शब्द. नातं सांगायला ठीक, हाक मारायला जरा ताठ. (यातला 'बोजोर्ग' म्हणजे मोठा, गावांच्या नावांतलं आपलं 'बुद्रुक' त्याचंच रूप.) घरात 'मामानबोजोर्ग', 'मामानी', 'अजीज', 'खानूम जून' असं काहीही चालतं. नवरा जी हाक मारतो तीच घ्या, माझा शब्द खोडून टाका.

'हार्दिक शुभेच्छा'चं शब्दशः फारसी करू नका. खरं तर मराठीतलं 'हार्दिक'ही आता छापील झालंय. 'मोबारक' पुरेसं आहे. तो शब्द तिथे वाढदिवस, लग्न, नवरोज सगळीकडे चालतो.

आठवणीचं वाक्य मात्र पूर्ण वेगळं आहे. 'देलम तंग शोदे' म्हणजे 'माझं काळीज आवळून आलंय'. आपण 'तंग' कपड्यांना म्हणतो, ते मनाला म्हणतात. 'आठवण' हा शब्द त्यात कुठेच नाही, तरी अर्थ तोच.

सावली मात्र जशीच्या तशी उतरते: 'तुमची सावली कायम आमच्या डोक्यावर असो.' वडीलधाऱ्यांना असं म्हणायची तिथे रीतच आहे. 'मायेची' मुद्दाम गाळलं, कारण 'साये'त ती येतेच.

'शतायुषी हो'ला दोन अडचणी. मराठीतही हा आशीर्वाद मोठ्यांनी लहानांना द्यायचा, नातसुनेने आजीला नव्हे. आणि फारसीत शंभर कमी पडतात, तिथे एकशेवीस म्हणायची पद्धत आहे. नव्वदीतल्या आजीला शंभरचं म्हणालात तर दहाच वर्षं दिल्यासारखं व्हायचं.

उच्चाराचं एवढंच: लिहिलेला 'अ' थोडा 'ॲ'कडे न्या आणि 'आ' थोडा 'ऑ'कडे. 'मोबारक' हे 'मोबॉरॅक'च्या जवळ ऐकू आलं पाहिजे.

पलीकडून काय येईल त्याचीही तयारी ठेवा. 'दोरेत बेगरदम' ऐकू आलं तर त्याचा शब्दशः अर्थ 'मी तुझ्याभोवती फिरते', म्हणजे जीव ओवाळून टाकणं. आणि 'पीर शी' म्हणाल्या तर दचकू नका. शब्दशः ते 'म्हातारी हो' असलं तरी तुम्हाला 'औक्षवंत हो' म्हटलंय.