गुजराती फॉर्मवर आईची सही: कशाला होकार, कशाला नाही

प्रश्न : आईचं पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन सोमवारी सुरतला आहे. आम्ही नंदुरबारचे, आईला अहिराणीशिवाय धड काही समजत नाही. भावाने फॉर्मचा फोटो पाठवलाय, सगळा गुजरातीत. काही झालं तर डॉक्टर जबाबदार नाहीत असं त्यात लिहिलंय म्हणे. सही भावाची मागतायत. करावी का?

उत्तर : ताई, पहिली गोष्ट, सही आईची हवी. त्या सज्ञान आहेत, शुद्धीवर आहेत, तेव्हा संमती त्यांचीच. लिहिता येत नसेल तर अंगठा चालतो. भावाने साक्षीदाराच्या जागी सही करावी, 'संमती देणार' या जागी नाही.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत खालचा कोपरा कापला गेलाय आणि मागची बाजू नाही. भावाला कागद टेबलावर सपाट ठेवून, चारही कोपरे दिसतील असे दोन्ही बाजूंचे फोटो काढायला सांगा. भूल आणि रक्त देण्याचे फॉर्म बहुतेकदा वेगळे असतात, तेही मागवा. मोबाईलवर भाषांतर करून पाहिलंत तर छापील मजकूर बराचसा कळेल, पण पेनाने लिहिलेलं सुटतं, आणि ऑपरेशनचं नाव नेमकं पेनाने लिहिलेलं असतं. आपल्याला ओळखीचे वाटणारे शब्दही फसवतात. गुजरातीत 'बेभान' म्हणजे भूल दिलेला, बेशुद्ध. 'बेदरकारी' म्हणजे हलगर्जीपणा, निष्काळजीपणा. आणि 'डॉक्टर के हॉस्पिटल' मधला 'के' म्हणजे 'किंवा'.

आता कलमं. 'जरूर पडे तो पेटमां मोटो चीरो मूकीने ऑपरेशन करवामां आवशे', म्हणजे गरज पडली तर पोटावर मोठा छेद घेऊन ऑपरेशन केलं जाईल. हे वाजवी आहे. पित्ताशय खूप चिकटलेलं असलं किंवा आतली रचना नीट दिसेना, तर दुर्बीण सोडून पोट उघडणंच सुरक्षित असतं. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पित्तनलिकेला इजा हे धोकेही खरे आहेत आणि ते लिहिलेले असणं चांगलंच. सही केली म्हणजे हे धोके कळले आणि तरी ऑपरेशन मान्य, एवढा अर्थ होतो.

खटकतं ते पुढचं वाक्य : 'बीजुं जे कंई ऑपरेशन करवुं पडे तेनी संमति आपुं छुं.' दुसरं जे काही ऑपरेशन करावं लागेल त्याला संमती. एवढा मोकळा होकार देऊ नका. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये याबाबत स्पष्ट सांगितलं. रुग्ण तपासणीच्या दुर्बिणीसाठी भुलेखाली होती, आणि बाहेर थांबलेल्या तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय व बीजकोश काढले गेले. ती संमती न्यायालयाने मानली नाही. लगेच केलं नाही तर जीव किंवा प्रकृती धोक्यात येईल अशी वेळ असेल, तरच संमतीबाहेरचं ऑपरेशन चालतं. म्हणून त्या ओळीपुढे 'फक्त जीव वाचवण्यासाठी तातडीचं असल्यास' असं डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि शेजारी डॉक्टर आणि आई दोघांच्या सह्या करा.

'कोईपण नुकसान माटे डॉक्टर के हॉस्पिटल जवाबदार रहेशे नहीं' या ओळीचीच तुम्हाला धास्ती आहे. कोणत्याही नुकसानीला डॉक्टर किंवा हॉस्पिटल जबाबदार राहणार नाही, असा तिचा अर्थ. सांगितलेला धोका काळजी घेऊनही घडला, तर तो निष्काळजीपणा ठरत नाही, तिथे ही ओळ असो नसो, दावा कठीण. पण निष्काळजीपणा झाला असेल, तर ही सही डॉक्टरांना वाचवत नाही. पित्तनलिकेला इजा होणं हा ज्ञात धोका. घरी आल्यावर ताप, वाढतं पोटदुखी, डोळे पिवळे झालेले दाखवूनही तपासणी न करता गोळ्या देऊन परत पाठवणं ही निराळी गोष्ट. तिला आईने कधी संमती दिलेलीच नसते.

फॉर्मच्या शेवटी एक साधी दिसणारी ओळ असते : 'मने मारी भाषामां समजाव्युं छे.' मला माझ्या भाषेत समजावलं आहे. उद्या वाद झाला तर हॉस्पिटल हीच ओळ पुढे करेल. म्हणून सही रविवारीच उरकून टाका, थिएटरच्या दाराशी नको. डॉक्टर बोलतील ते भावाने आईला अहिराणीत सांगावं, मग आईनेच परत सांगावं की काय काढणार, पोट कधी उघडावं लागेल, ऑपरेशन न केल्यास काय होईल. ते जमलं की भावाने फॉर्मवर लिहावं : 'डॉक्टरांचं म्हणणं मी आईला अहिराणीत समजावलं', नाव, तारीख, वेळ. रिकाम्या जागांवर आडवी रेघ मारा आणि सही झालेल्या पानांचे फोटो ठेवा. भूल देईपर्यंत आईला होकार मागेही घेता येतो.

नंतर केसपेपर हवे असतील तर लेखी अर्ज करा, 72 तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. पैसे भरून उपचार घेतले असतील तर ग्राहक आयोगात 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि 2019 च्या कायद्याने ती तुम्ही राहता तिथे, नंदुरबारच्या जिल्हा आयोगातच दाखल होते. सुरतच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत.