ताप खरा होता, पण उशिराचं कारण तो नव्हता

"क्लायंटला दिलेली तारीख माझ्याच चुकीमुळे हुकणार आहे. खरं सांगितलं तर विश्वास जाईल, दुसरं काही सांगितलं तर बहाणा वाटेल. गेले चार दिवस मेल लिहितोय आणि पुसतोय. मुदत मागायची कशी?"

तुमचा प्रश्न वाचल्यावर मला माझ्याकडे आलेले एक भाषांतरकार आठवले. ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण पेच हाच होता.

त्यांच्याकडे यंत्र वापरण्याच्या माहितीपुस्तिकेची 120 पानं होती आणि हातात 20 कामाचे दिवस. रोज सहा पानं, असा साधा हिशोब. माझ्यासमोर ते बसले त्या सोमवारी 8 तारीख होती आणि काम द्यायचं होतं शुक्रवारी 12 ला. 15 दिवस संपले होते आणि तयार होती 36 पानं. रात्री झोप येत नव्हती, क्लायंटचा फोन दिसला की ते उचलत नव्हते.

मोबाइलवर त्यांनी मेलचा मसुदा दाखवला. पहिल्या चार ओळींत मुलीला आलेला ताप, दवाखाना, जागरण. मग "तांत्रिक मजकूर अपेक्षेपेक्षा अवघड निघाला". शेवटी "दोन-तीन दिवस इकडेतिकडे होतील". मी विचारलं, "यातलं खोटं काय आहे?" ते जरा दुखावले. म्हणाले, "खोटं काहीच नाही. दोन दिवस मी खरोखर तिच्या उशाशी होतो."

ते खरंच बोलत होते. उघड थाप मारणारे लोक माझ्याकडे क्वचितच येतात. बहुतेकांच्या हाती एक खरी, पण उशिराशी फारसा संबंध नसलेली गोष्ट असते आणि तीच ते पुढे करतात. म्हणून मी त्यांना कागदावर हिशोब मांडायला सांगितला. 15 दिवसांपैकी दोन तापात गेले, सहा दिवस काम झालं. मग उरलेले सात? ते थोडा वेळ गप्प राहिले. मग सांगितलं, की मध्येच एक दुसरं, घाईचं काम आलं होतं. नाही म्हणवलं नाही. रात्री जागून दोन्ही उरकू असं वाटलं होतं.

आता प्रत्येक गोष्ट एकेक करून वजा करून पाहायची. ताप आलाच नसता तर 12 पानं जास्त झाली असती. तरीही 72 पानं उरली असती आणि हातात पाच दिवस, म्हणजे 30 पानांपुरताच वेळ. दुसरं काम घेतलं नसतं तर 42 पानं जास्त झाली असती आणि उशीर झाला असता फक्त 12 पानांचा, दोन दिवसांचा. जी गोष्ट वगळल्यावर उशीर जवळजवळ नाहीसा होतो, ते कारण. जी वगळूनही तो बराचसा तसाच राहतो, ती कितीही खरी असली तरी त्या मेलमध्ये आडोसा म्हणूनच येते. शिवाय मुलीच्या आजारपणाचं नाव काढलं की समोरच्याला रागावण्याचीही सोय उरत नाही, आणि हे त्याला जाणवतं.

हे पटल्यावर त्यांनी दुसरा मसुदा लिहिला, आणि तो मला पहिल्यापेक्षाही जास्त खटकला. "मी अत्यंत बेजबाबदार माणूस आहे, तुमच्या विश्वासाला पात्र नाही…" वाचायला हे प्रामाणिक वाटतं. पण त्यात काय घडलं हे कुठेच नाही, आणि वाचणाऱ्यावर "अहो, असं नका म्हणू" असं समजावण्याचं ओझं पडतं. आधीच ज्याचं नुकसान होतंय त्याच्याकडून आपण सांत्वन मागतो. मी म्हटलं, "तुम्ही कसे आहात ते राहू द्या. काय केलंत तेवढं लिहा."

मग आला दिवसांचा प्रश्न. ते "तीन दिवस" म्हणत होते, कारण त्याहून जास्त मागायची लाज वाटत होती. लाजेतून ठरवलेली तारीख पुन्हा हुकते, आणि दुसऱ्यांदा मुदत मागणं पहिल्यापेक्षा फार महाग पडतं. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी 1994 साली प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांचा सरासरी अंदाज सुमारे 34 दिवसांचा होता, सगळं बिघडलं तर सुमारे 49. प्रत्यक्षात लागले सुमारे 55. म्हणजे मनाला विचारून वाईटात वाईट अंदाज काढला तरी तो कमीच पडला. म्हणून मनाला विचारायचं नाही, झालेल्या कामाचा वेग पाहायचा. उरलेली 84 पानं, दिवसाला सहा, म्हणजे 14 दिवस, आणि एक दिवस शेवटच्या वाचनाला. 15 कामाचे दिवस. शनिवार-रविवार यात धरायचे नाहीत; ते अडीअडचणीसाठी मोकळे. तारीख निघाली 26. आकडा पाहून त्यांचा चेहरा उतरला, पण खरा आकडा तोच होता.

करारात उशिराबद्दल काही अट आहे का, हे आधी वाचून घ्यायला सांगितलं. दुसऱ्या कामाच्या क्लायंटचं नाव लिहायचं नाही, हेही ठरलं. ती माहिती त्यांची नव्हती. मग त्यांनी माझ्यासमोरच मेल लिहिला:

"नमस्कार. पुस्तिकेचं काम मी 12 तारखेला पूर्ण देऊ शकणार नाही. 120 पैकी 36 पानं तयार आहेत, ती सोबत पाठवतो आहे. मधले सात दिवस मी दुसऱ्या एका कामाला दिले. दोन्ही जमेल हा माझा अंदाज चुकला आणि ते मी तुम्हाला वेळेत कळवलंही नाही. राहिलेल्या कामाला आजपासून 15 कामाचे दिवस लागतील, म्हणून 26 तारखेपर्यंत मुदत द्यावी ही विनंती. एखादा भाग आधी हवा असेल तर 12 पर्यंत 30 पानं देऊ शकतो. 26 ही तारीख चालणार नसेल तर तेही सांगा. काम दुसऱ्यांकडे द्यायचं ठरल्यास ठरवलेल्या शब्दांची यादी मी देईन. तुमची गैरसोय झाली, याबद्दल माफी मागतो."

माफी एकदाच. ती मुद्दाम शेवटी ठेवली, कारण वाचणाऱ्याला आधी तारीख आणि कामाची स्थिती कळायला हवी. त्याला पुढची जुळवाजुळव करायची असते. मेल त्याच दिवशी, सोमवारीच गेला. मला विचाराल तर तो आठवडाभर आधी, दुसरं काम लांबतंय हे कळलं त्या दिवशी जायला हवा होता.

तासाभरात क्लायंटचा फोन आला. पुढच्या भेटीत त्यांनी मला तो जसाच्या तसा सांगितला. क्लायंट चिडलेले होते. "आधी का नाही सांगितलंत?" असं विचारल्यावर हे म्हणाले, "सांगायची भीती वाटली." आणि थांबले. ते थांबणं आम्ही आधी ठरवून ठेवलं होतं, कारण अशा शांततेतच माणूस घाबरून ताप, दवाखाना बाहेर काढतो. थोड्या वेळाने क्लायंटच म्हणाले की सुरक्षिततेचं प्रकरण आधी लागेल, 15 तारखेपासून त्यांच्या कामगारांचं प्रशिक्षण आहे. ते प्रकरण होतं 22 पानांचं. 12 तारखेला ते गेलं, आणि बाकीचं 26 ला.

सगळं पूर्ववत झालं असं नाही. पुढची पुस्तिका देताना क्लायंटने अट घातली, की तयार झालेली पानं दर शुक्रवारी पाठवायची. त्यांनी ती मान्य केली.