मक्तेदाराचा ‘पुरवठा वक्र’ का म्हणत नाहीत?

“मक्तेदाराला पुरवठा वक्र नसतो असं पुस्तकात वाचलं. पण माल तर तोही पुरवतोच ना? मग त्याच्या सीमांत खर्चाच्या रेषेलाच पुरवठा वक्र म्हटलं तर काय बिघडलं?”

बिघडतं. पुरवठा असतो, नसतो तो वक्र. ‘अमुक भाव मिळाला तर किती माल आणाल?’ या प्रश्नाच्या उत्तरांनी पुरवठा वक्र बनतो. पूर्ण स्पर्धेतल्या विक्रेत्याला हा प्रश्न विचारता येतो, कारण भाव त्याच्या हातात नसतो. मक्तेदार मात्र समोरची मागणी पाहून भाव आणि नग दोन्ही एकदमच ठरवतो. त्यामुळे नुसता भाव सांगून त्याच्याकडून नगांचा आकडा मिळत नाही.

आकडे घेऊन बघू. समजा सीमांत खर्च नगांइतकाच वाढतो, म्हणजे तिसावा नग करायला 30 रुपये, चाळिसावा करायला 40. मागणी अशी: भाव = 90 − नग. जास्त विकायचं तर भाव उतरवावा लागतो आणि तो सगळ्याच नगांवर उतरतो. म्हणून सीमांत प्राप्ती, म्हणजे आणखी एक नग विकल्याने वाढणारी मिळकत, दुप्पट वेगाने घसरते: 90 − 2 × नग. ती सीमांत खर्चाला मिळते तिथे नफा सर्वाधिक असतो, म्हणून मक्तेदार तिथेच थांबतो. इथे ती 30 नगांवर मिळते आणि भाव निघतो 60 रुपये.

आता मागणीची रेषा 20 नग आणि 70 रुपये या बिंदूभोवती फिरवून चपटी करू: भाव = 80 − नग ÷ 2. सीमांत प्राप्ती झाली 80 − नग. ती 40 नगांवर सीमांत खर्चाला मिळते, आणि भाव पुन्हा 60 रुपयेच!

खर्च तोच, भाव तोच, नग मात्र एकदा 30 आणि एकदा 40. स्पर्धेतल्या विक्रेत्याचा खर्च असाच असता, तर 60 रुपये भावाला त्याने दोन्ही वेळा 60 नगच आणले असते.

कारण लवचिकतेत आहे, म्हणजे भाव एक टक्का वाढला तर मागणी किती टक्के घटते यात. भाव खर्चाच्या किती वर ठेवता येईल, हे तीच ठरवते. 60 रुपयांपाशी पहिल्या मागणीची लवचिकता 2 आहे, म्हणून भावातला निम्मा हिस्सा सीमांत खर्चाच्या वर राहतो. दुसरीची 3 आहे, तिथे एक तृतीयांशच राहतो. दुसऱ्या वेळी नग वाढल्याने सीमांत खर्च 30 वरून 40 वर गेला, पण लवचिकता वाढल्याने वरचा हिस्सा तेवढाच आकसला. भाव तंतोतंत तोच राहावा म्हणून हे आकडे मुद्दाम निवडले आहेत. एरवी मागणी फिरली की बहुधा दोन्ही बदलतात. पण वक्र मोडायला असं एक उदाहरण पुरतं.

उलटंही घडतं. मागणी भाव = 60 − नग ÷ 2 अशी असेल, तर नग 30च निघतात, पण भाव 45.

एका परिस्थितीत मात्र तुमचं म्हणणं खरं ठरतं. सरकारने कमाल भाव 40 रुपये बांधून दिला, तर पहिल्या दोन्ही मागण्यांत मक्तेदार 40 नगच करेल, कारण आता भाव त्याच्याही हातात नाही. गिऱ्हाइकांना त्या भावाला 50 किंवा 80 नग हवे असतील, म्हणजे टंचाई राहील. पण किती नग निघतील, हे तिथे सीमांत खर्चाची रेषाच सांगते.